घर खाली करण्याची नोटीस आलीये, आता काय? आमच्या पत्रावर क्लायंट विचारतात ते प्रश्न

मी इंदोरला एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. नोटीस वाचून तिचा गोषवारा काढायचा, तारखा मोजायच्या आणि क्लायंटला समजेल अशा भाषेत पत्र लिहायचं, हे माझं काम. सल्ला वकीलसाहेबांचा असतो आणि सही व्हायच्या आधी ते पत्र वाचतात. आमच्याकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची बरीच मराठी मंडळी येतात, नोटीस हिंदीत असते, पत्र मी मराठीत लिहिते आणि पत्र मिळालं की सगळ्यांचे फोन साधारण त्याच प्रश्नांसाठी येतात. म्हणून एक पत्र नावं काढून इथे ठेवलंय आणि खाली प्रश्न. हे भाडेकरूच्या बाजूने लिहिलंय कारण ते काका भाडेकरू होते, पण घरमालकांनीही वाचायला हरकत नाही, नोटीस कुठे कच्ची राहते ते त्यांनाही कळेल.

आधी पत्रच वाचायला मिळेल का?

आदरणीय काका, सादर नमस्कार.

तुम्हाला 9 जूनला मिळालेली नोटीस वकीलसाहेबांनी वाचली. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, जानेवारी ते मे असा पाच महिन्यांचा किराया 7,500 च्या दराने, म्हणजे 37,500 रुपये थकलाय आणि तो द्या. दोन, नोटीस देणाऱ्या मालकांच्या मुलाला राहायला ती जागा हवीये. तीन, 15 दिवसांत घर खाली करा नाहीतर दावा लावू.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे किराया 6,000 ठरलेला होता, लिखापढी नाही, जानेवारी-फेब्रुवारीचे पैसे तुम्ही जुन्या मालकांना रोख दिले पण पावती नाही, फेब्रुवारीच्या शेवटी ते वारले, आणि मार्चपासून त्यांच्या मुलाने, म्हणजे नोटीस देणाऱ्या आताच्या मालकांनी, 7,500 मागितले म्हणून तुम्ही 6,000 देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत.

15 दिवसांत घर खाली करायची गरज नाही. तुमच्यासाठी खरी तारीख 9 ऑगस्ट आहे. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 च्या धारा 12 प्रमाणे थकबाकीची मागणी मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत कायद्याने देय असलेला सगळा किराया दिला किंवा देऊ केला, तर थकबाकीच्या कारणावर तुम्हाला काढता येत नाही. 9 ऑगस्टला रविवार आहे, त्या दिवसावर अवलंबून राहू नका. आपण 31 जुलै धरून चालू.

पैसे असे द्यायचे. मार्च, एप्रिल, मे चे 18,000 द्यायचेच आहेत. जानेवारी-फेब्रुवारीचे 12,000 'हक्क राखून' द्या असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे, कारण पावती नाही आणि ज्यांना दिले ते आता सांगायला नाहीत. एकूण 30,000. जूनचे 6,000 वेगळे, 15 जुलैच्या आत. 7,500 चा दर आपल्याला मान्य नाही आणि तसं उत्तरात लिहू.

नोटिशीचं उत्तर आपण 24 जूनच्या आत पाठवतोय. कायद्यात उत्तराची मुदत नाही पण लवकर गेलेलं बरं. नोटिशीचा लिफाफा फेकू नका. मालकांशी फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी मला कळवा. आणि कोर्टाचा किंवा कलेक्टर ऑफिसचा कुठलाही कागद आला तर तो मिळाल्याची तारीख त्यावर पेनाने लिहून दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणा, कारण तिथून नवीन मुदत सुरू होते.

नोटिशीत 15 दिवस लिहिलंय आणि तुम्ही दोन महिने म्हणताय, खरं काय?

दोन्ही वेगळ्या कायद्यातून आलेत. ते 15 दिवस संपत्ती अंतरण अधिनियमाच्या धारा 106 मधले, महिन्याच्या भाड्याची भाडेकरी संपवायला 15 दिवसांची नोटीस लागते ती. पण जिथे भाडे नियंत्रणाचा कायदा लागू आहे तिथे ती नोटीस देऊनही मालकाला काही मिळत नाही आणि न देऊनही त्याचं काही अडत नाही, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी 1979 मधे धनपाल चेट्टियार केसमधे हे स्पष्ट केलंय. मालकाला धारा 12 मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावंच लागतं. तरी वकील लोक सवयीने 15 दिवस लिहितात आणि ते वाचून माणसं रात्रभर झोपत नाहीत, सामान बांधायला लागतात. एका ताईंनी तर मुलाची शाळा बदलायचा फॉर्म आणला होता.

मात्र सगळ्या जागांना हा कायदा लागू नाही. सरकारी जागा, नगर निगमच्या काही जागा, आणि सरकारने अधिसूचना काढून सूट दिलेल्या काही ट्रस्टच्या वगैरे जागा यातून बाहेर आहेत. तिथे धारा 106 चे ते 15 दिवस खरेच मोजावे लागतात. म्हणून मालक कोण आहे हे मी पहिल्याच फोनवर विचारते.

दोन महिने कुठून मोजायचे? नोटिशीवर तर 2 जून तारीख आहे.

नोटीस तुमच्या हातात पडली त्या दिवसापासून. नोटिशीवर छापलेल्या तारखेला किंवा वकिलाने पोस्टात टाकली त्या तारखेला काही महत्त्व नाही. आणि महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने, 60 दिवस नाही. मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं, त्यामुळे 9 जूनला मिळाली तर 9 ऑगस्टपर्यंत.

म्हणून लिफाफा जपायला सांगते. 2025 मधे पोस्टाची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमधेच मिसळलीये, लिफाफ्यावरच्या नंबरवरून डिलिव्हरीची तारीख ऑनलाइन दिसते, पण ती माहिती तिथे कायम राहत नाही म्हणून त्याच आठवड्यात त्याचा प्रिंट काढून ठेवायचा. मालकाने 'नोटीस 4 तारखेलाच दिली होती' असं म्हटलं तर हाच कागद कामाला येतो.

मी घेतलीच नाही तर? पोस्टमनला सांगितलं की माणूस घरी नाही.

असं करू नका, अगदी मनापासून सांगते. पत्ता बरोबर असेल, तिकिटं लागलेली असतील आणि तुम्ही घ्यायला नकार दिला तर कोर्ट धरून चालतं की तुम्हाला ती मिळाली. मग तुमचे दोन महिने सुरू झालेले असतात आणि आत काय मागितलंय हे तुम्हालाच माहीत नसतं, म्हणजे मुदत गेली आणि कळलंही नाही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी सगळ्यात अडचणीत असतात ते हेच लोक.

पुण्याचा भाऊ म्हणतो 90 दिवस मिळतात. त्याच्या सोसायटीत तसंच झालं.

भाऊ पुण्याचं बरोबर सांगतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधे थकबाकीची नोटीस दिल्यावर 90 दिवस जाईपर्यंत मालकाला दावा लावता येत नाही. पण घर इंदोरला आहे, कायदा मध्य प्रदेशचा. या काकांनी 90 दिवस धरले असते तर ते 7 सप्टेंबरपर्यंत निवांत बसले असते आणि इथली मुदत त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी गेली असती.

आपल्या लोकांमधे हे फार होतं कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत जी माहिती फिरते ती सगळी महाराष्ट्राच्या कायद्याची असते, आणि आपल्या भाषेत आहे म्हणून ती आपलीच वाटते. ग्वाल्हेरला कायदा इंदोरचाच. बडोद्याला गुजरातचा, तो वेगळा, तेव्हा तिकडच्या नातेवाईकांना हे पत्र फॉरवर्ड करताना तेवढं सांगा.

किती पैसे द्यायचे? मालक म्हणतो 37,500, आपण म्हणतो 18,000, पत्रात 30,000.

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण सगळी केस या आकड्यावर उभी राहते.

कायदा म्हणतो 'कायद्याने वसूल करता येणारी सगळी थकबाकी'. सगळी म्हणजे सगळी, 18,000 निघत असताना 15,000 दिले तर दिले नाहीत असंच धरलं जाऊ शकतं. पण वसूल करता येणारी म्हणजे मालकाने मनाने वाढवलेला दर त्यात येत नाही. दर महिन्याला 6,000 दिले जात होते, तुम्ही वाढीला हो म्हटलेलं नाही, कुठे सही केलेली नाही, तर मुलाने मार्चमधे तोंडी 7,500 म्हटल्याने दर बदलत नाही, आणि नोटिशीत तर त्यांनी तो जानेवारीपासून लावलाय जेव्हा त्यांचे वडील स्वतः 6,000 घेत होते. तसंच तीन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी, तीही मुदतबाह्य असते. काही नोटिशींमधे सहा-सात वर्षांचा हिशोब लिहून येतो, तो बघून घाबरायचं नाही, शेवटच्या तीन वर्षांचा भाग वेगळा काढायचा.

मालकाने जास्त मागितले म्हणून नोटीस रद्द होते असंही नाही. लोक म्हणतात आकडाच खोटा आहे म्हणजे नोटीस खोटी, मी का देऊ. तुमच्याकडून जे खरं निघतं ते दोन महिन्यांत द्यायची जबाबदारी राहतेच.

आता ते 12,000. जानेवारी-फेब्रुवारीचे काकांनी दिलेत यावर माझा विश्वास आहे, पण कोर्टात दाखवायला काय आहे? पावती नाही, यूपीआय नाही, घेणारा माणूस गेला. समजा आपण 18,000 च दिले आणि दोन वर्षांनी कोर्टाने म्हटलं की ते 12,000 दिल्याचा पुरावा नाही, तर 'सगळी' थकबाकी दिली नाही असं होईल. 12,000 साठी डोक्यावरचं छत पणाला लावायचं नाही, असं वकीलसाहेबांचं मत आहे आणि माझंही. म्हणून ते द्यायचे पण सोबतच्या पत्रात साफ लिहायचं की ही रक्कम आधीच दिलेली आहे, आम्ही हक्क राखून पुन्हा देतोय आणि ती पुढच्या भाड्यात वळती व्हावी. हेच काकांनी जर वहीत जुन्या मालकांची सही घेतली असती तर आम्ही 18,000 च द्यायला सांगितलं असतं. प्रत्येकाने दुप्पट द्यावं असा याचा अर्थ घेऊ नका.

डिपॉझिट पडलंय ना त्यांच्याकडे, त्यातून कापून घ्या म्हटलं तर?

मालकाने लेखी मान्य केलं तरच. तुम्ही एकतर्फी सांगून ते भाडं दिल्यासारखं होईल यावर भरवसा ठेवू नका.

मालक पैसे घेतच नाही, नंबर ब्लॉक केलाय. मग दिले कसे म्हणायचे?

कायद्यात शब्द आहेत 'दिले किंवा देऊ केले', त्यामुळे समोरच्याने नाही घेतले तरी तुम्ही देऊ केल्याचा पुरावा असला की झालं. आता तो पुरावा कसा करायचा ते सांगते.

आम्ही उत्तरातच त्यांच्याकडे बँक खात्याचा नंबर मागतो. दिला तर त्यात एनईएफटी किंवा यूपीआय, आणि नोटमधे कोणकोणत्या महिन्याचं भाडं ते लिहायचं, नुसतं 'पेमेंट' लिहायचं नाही. नाही दिला तर त्यांच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट किंवा चेक, सोबत पत्र, नोटिशीतल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि त्याची एक कॉपी त्यांच्या वकिलाला. चेक चालतो का असं हमखास विचारतात. चालतो, 1976 मधे दमडीलाल विरुद्ध परशराम या केसमधे सुप्रीम कोर्टाने मुदतीत पाठवलेला चेक ग्राह्य धरलाय आणि ती केस मध्य प्रदेशच्या याच कायद्याची होती. फक्त तो बाउन्स होता कामा नये, खात्यात तेवढे पैसे राहू द्या. लिफाफा परत आला तर तो फोडायचा नाही, जसा आला तसा बंद मला आणून द्यायचा, कोर्टात तो तसाच जातो.

रोख घेऊन शेजाऱ्याला साक्षीदार म्हणून नेणं, हे शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे. साक्षीदार तीन वर्षांनी गाव सोडून गेलेला असतो.

भाडं दर महिन्याला नाकारलं जात असेल किंवा पावतीच मिळत नसेल तर भाड़ा नियंत्रण प्राधिकारीकडे, म्हणजे एसडीएम ऑफिसात बसणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची सोयही कायद्यात आहे. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि बहीण तिघंही म्हणतात भाडं मला दे, अशा वेळी तर हाच रस्ता बरा.

मुलगा मालक कसा झाला? त्याच्या नावावर तर घर नाही. उत्तरात तसं लिहू का?

नका लिहू. विचारायचं असेल तर वारसाचे कागद दाखवा असं सभ्य भाषेत विचारता येतं, पण 'तुम्ही आमचे मालकच नाही' असं लिहिलं तर मालकी नाकारली हेच घर खाली करायचं वेगळं कारण बनू शकतं. रागात लिहिलेलं एक वाक्य पुढे तीन वर्षं भोवतं. नोटिशीचं उत्तर स्वतः लिहून पाठवणाऱ्यांच्या पत्रात हे वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसतं, आणि एकदा गेलेलं पत्र परत घेता येत नाही.

घर विकलं गेलं असेल आणि नवीन मालकाने नोटीस दिली असेल तर एक वेगळी गोष्ट बघायची. खरेदीने मालक झालेल्याला स्वतःच्या गरजेच्या कारणावर एक वर्ष होईपर्यंत दावा लावता येत नाही. काकांच्या केसमधे घर वारसाने आलंय म्हणून आम्ही हे पत्रात घेतलं नाही.

उत्तर दिलंच नाही तर केस हरतो का?

हरत नाही. नोटिशीच्या उत्तराला कायद्यात मुदत नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे सगळं कबूल असंही होत नाही. पण पुढे साक्षीत विचारतात की दर 6,000 होता तर तेव्हाच का नाही कळवलं, आणि तेव्हा उत्तर नसलं की माणूस गडबडतो. काकांचं उत्तर एका पानाचं गेलं. आम्ही भाडेकरू आहोत हे मान्य, दर 6,000, इतके दिले इतके देतोय, खातं कळवा, तुमच्या मुलाच्या गरजेची गोष्ट आम्हाला मान्य नाही. एवढंच. मालकाच्या स्वभावावर, जुन्या भांडणांवर, पाण्याच्या मोटारीवर एक ओळ नाही, जरी काकांनी चार पानं लिहून आणली होती.

मुलाला जागा हवी, त्याचं काय? पैसे दिले तरी दावा लागेल?

लागू शकतो. थकबाकी आणि गरज ही दोन वेगळी कारणं आहेत. पैसे दिल्याने पहिलं जातं, दुसरं राहतं. गरजेच्या कारणावर मालकाला दाखवावं लागतं की ती खरी आहे आणि त्याच शहरात त्याच्याकडे त्या कामाची दुसरी सोयीची रिकामी जागा नाही. त्याला दोन महिन्यांच्या नोटिशीचीही गरज नाही, तो सरळ दावा लावू शकतो. तुमच्याकडून माहिती लागते ती याची, वरचा मजला गेल्या वर्षी कोणाला भाड्याने दिला, दुसरीकडे फ्लॅट आहे का, मुलगा खरंच इंदोरला राहतो का बंगलोरला नोकरी करतो. हे सगळं उत्तरात लिहायचं नाही, आम्हाला सांगायचं.

कोर्टाचा समन आला. आता किती दिवस?

एकाच दिवशी दोन घड्याळं सुरू होतात, आणि लोक पहिलंच बघतात.

पहिलं जबाबदाव्याचं, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवस, कोर्टाने वाढवलं तर 90 पर्यंत. ते वकील बघतो.

दुसरं पैशाचं, धारा 13 चं, आणि ते तुम्हालाच बघायचंय. समन मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत मागची जी काही थकबाकी असेल ती मागच्या महिन्याअखेरपर्यंत मोजून कोर्टात जमा करायची किंवा मालकाला द्यायची, आणि त्यानंतर दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, केस संपेपर्यंत. दावा फक्त मुलाच्या गरजेचा असला तरी हे करावंच लागतं, थकबाकीचा नसला तरी. चुकलं तर कोर्ट तुमचा बचावच काढून टाकू शकतं, म्हणजे गरज खोटी आहे हे सांगायला तुम्ही उभेच राहू शकत नाही.

काकांचं उदाहरण घ्या. समजा समन 14 सप्टेंबरला मिळाला. 14 ऑक्टोबरपर्यंत सप्टेंबरअखेरचा हिशोब पूर्ण हवा. त्यांनी जून, जुलै, ऑगस्ट वेळेवर दिलेत तर फक्त सप्टेंबरचे 6,000 राहतात. मग ऑक्टोबरचे 15 नोव्हेंबरपर्यंत, नोव्हेंबरचे 15 डिसेंबरपर्यंत, असं. कोर्टात जमा करायचं असेल तर वकील अर्ज देतो, सीसीडीत, म्हणजे कोर्टाच्या ठेवीच्या खात्यात, पैसे भरून पावती मिळते, आणि यात एक-दोन दिवस जातात म्हणून आमच्याकडे 5 तारखेला क्लायंटला फोन जातो. नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्या असतात, तेव्हा तर पहिल्याच आठवड्यात भरून टाकायचं.

दराचा वाद, म्हणजे 6,000 की 7,500, तो आल्या आल्या कोर्टापुढे अर्जाने मांडायचा. कोर्ट तात्पुरता दर ठरवून देतं आणि मग तो दर भरायचा. अर्ज न करता मनाने कमी भरत राहणं चालत नाही. आणि एखादी तारीख खरंच चुकली, दवाखान्यात होतात, पगार अडकला, तर लगेच पैसे भरून उशीर माफ करायचा अर्ज द्या, कोर्टाला मुदत वाढवायचा अधिकार आहे. न सांगता पाच महिने उशिरा भरणाऱ्याला तो अधिकार कोर्ट सहसा वापरत नाही.

31 जुलै, 9 ऑगस्ट दोन्ही गेले आणि पैसे दिले नाहीत. आता सगळं संपलं?

नाही. वर सांगितलेले धारा 13 चे पैसे समन मिळाल्यावर वेळेत आणि नंतर दर महिन्याला बरोबर भरत राहिलात तर थकबाकीच्या कारणावर तेव्हाही घर खाली करायचा हुकूम होत नाही. पण ही सवलत एकदाच. ती घेतल्यावर त्याच जागेत पुन्हा सलग तीन महिने थकवले तर परत मिळत नाही. म्हणून पहिल्याच नोटिशीवर पैसे देऊन टाकावेत असं आम्ही सांगतो, ती सवलत वापरायची वेळच येऊ नये.

कागद कोर्टाचा नाही, एसडीएम ऑफिसचा आलाय. त्यालाही 30 दिवस?

नाही! हा प्रश्न विचारायला लोक बऱ्याचदा विसाव्या दिवशी येतात, म्हणून ठळक सांगते, 15 दिवस.

विधवा किंवा घटस्फोटित महिला, निवृत्त सरकारी नोकर, सैन्यातून निवृत्त झालेले, अपंग व्यक्ती अशा काही मालकांना गरजेच्या कारणासाठी कोर्टात न जाता भाड़ा नियंत्रण प्राधिकारीकडे अर्ज करता येतो, कायद्याच्या धारा 23-ए पासून पुढचा भाग. तिथे भाडेकरूला आपोआप बाजू मांडता येत नाही. समन मिळाल्यापासून 15 दिवसांत शपथपत्रासह अर्ज द्यायचा की मला या या कारणाने विरोध करायची परवानगी द्या. दिला नाही तर मालकाने सांगितलं ते मान्य धरून घर खाली करायचा आदेश होऊ शकतो.

काकांच्या पत्रात 'कलेक्टर ऑफिसचा कुठलाही कागद' हे शब्द याचसाठी होते. नोटीस मुलाने दिलीये, पण जुन्या मालकांच्या पत्नी हयात आहेत, घरात त्यांचाही हिस्सा आहे, आणि त्या विधवा आहेत. उद्या अर्ज त्यांच्या नावाने तिकडे लागू शकतो. नोटिशीत त्यांचं नावही नाही, तरी आम्ही ते धरून ठेवलंय.

11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, मालक म्हणतो आता तुझा हक्क संपला.

हा कायदा लागू असलेल्या घरात नुसती मुदत संपणं हे धारा 12 मधलं कारण नाही. भाडेकरी संपल्यावरही ताब्यात राहिलेला माणूस या कायद्यात भाडेकरूच आहे.

रात्री येऊन कुलूप लावलं तर? लाइट तोडली तर?

नोटीस देऊन कोणालाही घराबाहेर काढता येत नाही, त्यासाठी कोर्टाचा किंवा प्राधिकारीचा हुकूम लागतो. जबरदस्तीने काढलं तर ताबा परत मिळवायला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या धारा 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच नसतो, ताबा कोणाचा होता एवढंच बघतात. म्हणून त्या पत्त्यावरची गॅसची पावती, लाइटचं बिल, मुलांच्या शाळेचे कागद नातेवाईकाच्या घरी एक सेट ठेवा, घराला कुलूप लागलं की कागदही आतच राहतात. पाणी-लाइट तोडल्याची तक्रार भाड़ा नियंत्रण प्राधिकारीकडे करता येते. पोलिसात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, पोलिस म्हणतील मामला सिव्हिल आहे, तरी पोच असलेला अर्ज पुढे कोर्टात तारीख सिद्ध करतो.

वकिलाची फी झेपणार नाही.

जिल्हा कोर्टातच जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन 15100. जाताना नोटीस, लिफाफा आणि दिलेल्या भाड्याचा जो काही पुरावा असेल तो न्या, आणि सगळ्यात आधी नोटीस कधी मिळाली ती तारीख सांगा, म्हणजे समोरचा माणूस लगेच मोजायला घेईल.